ऑप्शनच्या पायऱ्या कोणाच्या रक्षणासाठी?

अमेरिकेत ऑप्शनचे व्यवहार करू इच्छिणाऱ्या ग्राहकास दलालाकडे आधी अर्ज भरून द्यावा लागतो. उत्पन्न, मालमत्ता, अनुभव आणि उद्दिष्ट यांची त्यात विचारणा असते. उत्तरे पाहून दलाल त्याला एखाद्या पायरीवर बसवितो. पायऱ्यांचे क्रमांक पेढीगणिक बदलतात; चढण मात्र बहुधा एकच असते. या चढणीचा अर्थ अनेकजण चुकीचा लावतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका समभागाचा भाव ५० डॉलर आहे. तो मुदतीपर्यंत ५५ डॉलरना विकत घेण्याचा हक्क, म्हणजे ‘कॉल’, दर समभागी २ डॉलरना विकला जातो. करार १०० समभागांचा. म्हणजे विकणाऱ्याच्या पदरी २०० डॉलर पडतात.

पहिल्या पायरीवरील माणसापाशी ते १०० समभाग असतातच. भाव १०० झाला तरी तो आपले समभाग ५५ ला देऊन मोकळा होतो. हुकतो तो केवळ वाढीव नफा. भाव ३० वर कोसळला, तर मात्र त्याचे १८०० डॉलर बुडतात. दुसरी पायरी ऑप्शन विकत घेणाऱ्याची. त्याची हानी २०० डॉलरपलीकडे जात नाही, पण ते सर्वच्या सर्व जाणे ही नित्याची गोष्ट होय. तिसऱ्या पायरीवर ५५ चा कॉल विकून ६० चा ८० सेंटला विकत घेता येतो. हाती १२० डॉलर उरतात आणि हानीची मर्यादा ३८० ठरते. परंतु मुदतीअखेर भाव ५८ वर थांबला, तर विकलेला कॉल अंगावर येतो, घेतलेला निकामी होतो, आणि सोमवारी भाव उसळल्यास ती मर्यादा उरत नाही.

सर्वांत वरची पायरी उघड्या कॉलची. समभाग जवळ नसताना हक्क विकायचा. भाव १०० झाला की १०० ला घेऊन ५५ ला द्यावयाचे. हानी ४३०० डॉलर, आणि भावाला छत नाही. उघडा ‘पुट’, म्हणजे विकण्याचा हक्क, अनेक पेढ्या एक पायरी खाली ठेवतात. कारण भाव शून्याखाली जात नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. ही चढण ग्राहक बुडण्याची शक्यता मोजत नाही. खात्यातील रक्कम संपल्यावर दलालाच्या गळ्यात किती पडेल, हे मुख्यतः मोजते. खरेदीदाराने पैसे आधीच मोजलेले असल्याने तो खालच्या पायरीवर. उघडा विक्रेता तोट्यात गेला, की दलाल जादा अनामत मागतो आणि ती न आल्यास मिळेल त्या भावाने व्यवहार मिटवितो.

म्हणून वरची पायरी मिळावी यासाठी अर्जात उत्पन्न वा अनुभव फुगवून लिहिणारा दलालाला नव्हे, स्वतःलाच फसवितो. मंजुरी हे कौशल्याचे प्रमाणपत्र नव्हे. अर्जावर सही करण्यापूर्वी, भाव दुप्पट झाला तर आपण किती देणे लागू, हा हिशेब ज्याला कागदावर मांडता येत नाही, त्याने त्या पायरीवर पाऊल ठेवू नये.