नवऱ्याने ‘तलाक दिला’ म्हटले म्हणून तलाक होत नाही

तिहेरी तलाकवर संसदेत आणि टीव्हीवर भरपूर चर्चा झाली. मात्र मोबाइलवरचा मेसेज किंवा पोस्टाने आलेला कागद हातात घेऊन एखादी मुस्लिम भगिनी वस्तीतल्या कार्यकर्त्याकडे येते, तेव्हा पहिला सल्ला बहुतेक वेळा एकच मिळतो: पोलीस ठाण्यात चला, नवऱ्याला आत टाकू. काही प्रकरणांत हा सल्ला बरोबर असतो. अनेक प्रकरणांत मात्र तो चुकीच्या दारात नेतो, आणि त्या बाईचा खरा हक्क मागे राहतो. त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, असे आम्हाला वाटते: हा तलाक मुळात झाला आहे का?

या प्रश्नाचे उत्तर देणारा खटला उत्तर प्रदेशातला आहे. शमीम आरा यांचा निकाह १९६८ मध्ये झाला. त्यांना चार मुलगे झाले. नवऱ्याने टाकले आणि छळ केला म्हणून त्यांनी १९७९ मध्ये पोटगीसाठी अर्ज केला. नवऱ्याने डिसेंबर १९९० मध्ये कोर्टात लेखी उत्तर दिले. मी हिला जुलै १९८७ मध्येच चार-पाच लोकांसमोर तलाक दिला आहे, त्यामुळे ती आता माझी बायको नाही आणि पोटगीचा प्रश्नच येत नाही, असे त्यात म्हटले होते. अलाहाबादच्या कौटुंबिक न्यायालयाने ते मान्य केले आणि बाईंची पोटगी नाकारली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००२ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने विचारले, तलाक दिला म्हणता तर त्याचे कारण काय होते? समेटाचा प्रयत्न कधी झाला? तलाक उच्चारला कधी, आणि तो पत्नीपर्यंत पोहोचवला कसा? नवऱ्याकडे यातले काहीच नव्हते. तलाक दिल्याचे कोर्टाच्या कागदात नुसते लिहिले म्हणजे तलाक होत नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि शमीम आरा यांची पोटगी कायम राहिली.

त्याच वर्षी, काही महिने आधी, मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात हाच विचार मांडला होता. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कोर्टात हे दोन्ही निकाल दाखवता येतात.

या निकालांचा आधार कुराणातच आहे. तलाकसाठी रास्त कारण हवे. त्याआधी पतीच्या बाजूचा एक आणि पत्नीच्या बाजूचा एक, अशा दोन मध्यस्थांनी समेटाचा प्रामाणिक प्रयत्न करायला हवा. तो फसला तरच तलाक. अहसन पद्धतीत पाळी संपल्यानंतरच्या काळात एकदाच तलाक उच्चारायचा आणि इद्दत संपेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिने, शरीरसंबंध ठेवायचा नाही. या काळात नवरा तलाक मागे घेऊ शकतो. हसन पद्धतीत तीन वेगवेगळ्या महिन्यांत एकेकदा उच्चार होतो. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो प्रकरणात रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला.

आता त्या बाईच्या हातातला कागद नीट वाचू. त्यात एका झटक्यात, परत न घेता येणारा तलाक दिला असेल, तर २०१९ चा कायदा लागू होतो. मग तो तोंडी असो, चिठ्ठीवर असो की व्हॉट्सॲपवर. असा तलाक शून्य आहे, म्हणजे ती आजही पत्नी आहे. नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण फिर्याद ती स्वतः किंवा तिचे रक्ताचे अथवा लग्नाने झालेले नातेवाईकच देऊ शकतात. कार्यकर्ता फिर्यादी होऊ शकत नाही, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे. याच कायद्याखाली ती दंडाधिकाऱ्यांकडे निर्वाह भत्ता आणि अल्पवयीन मुलांचा ताबा मागू शकते. तडजोडही तिच्याच इच्छेने आणि दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने होते. कमावता नवरा तुरुंगात गेला तर घर कसे चालेल, याचा विचार करून निर्णय तिनेच घ्यायचा आहे.

कागदात एकदाच तलाक उच्चारल्याचे किंवा महिन्याच्या अंतराने तीन नोटिसा दिल्याचे लिहिले असेल, तर चित्र वेगळे. वकिलाच्या सल्ल्याने नवरे आता असेच कागद तयार करतात. एप्रिल २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अहसन तलाक २०१९ च्या कायद्याखाली गुन्हा होत नाही म्हणून दाखल झालेला गुन्हा रद्द केला. पण गुन्हा नाही याचा अर्थ तलाक वैध आहे असा नव्हे. कारण आणि समेट सिद्ध करण्याचे ओझे नवऱ्यावरच राहते.

म्हणून अशा वेळी पहिले काम म्हणजे पुरावा जपणे. मेसेज पुसू नये, पोस्टाचे पाकीट शिक्क्यासह ठेवावे. दुसरे, ‘समेटाचा प्रयत्न झालेला नाही, मला हा तलाक मान्य नाही’ असे लेखी उत्तर स्पीड पोस्टाने पाठवावे. तिसरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचे कलम १२५) पोटगीचा अर्ज करावा आणि त्यातच अंतरिम पोटगी मागावी. नवऱ्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. घराबाहेर काढले जात असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जावे. त्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो. तालुका विधी सेवा समितीत कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

नवऱ्याने तलाक सिद्ध केला तरी पोटगी संपत नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्री पुनर्विवाह करेपर्यंत याच कलमाखाली पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे.

धोका असतो तो खुलानाम्यात. खुला म्हणजे पत्नीने मागितलेला विभक्तपणा. यात ती बहुधा मेहर परत करते किंवा सोडते. तिला खरोखर सुटका हवी असेल तर खुला हा तिचा हक्क आहे, आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व तेलंगणाने २०२५ मध्ये तो नवऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसल्याचे म्हटले आहे. महाराष्ट्रात वाद होण्याची शक्यता असेल तर १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली दावा करणे अधिक पक्के. दोन वर्षे पोषण न करणे आणि क्रूर वागणूक ही त्यातली नेहमी लागू पडणारी कारणे. पण तलाक नवऱ्याला हवा असताना ‘मी स्वखुशीने खुला घेते, मेहर व पोटगीवर हक्क सांगणार नाही’ अशा कागदावर बायकोची सही घेतली जाते. जमातीच्या बैठकीत चारचौघांसमोर हे घडते, म्हणून ती नाही म्हणू शकत नाही. वकिलाने वाचल्याशिवाय अशा कागदावर सही होऊ नये, एवढे जरी आपण पाहिले तरी खूप झाले. काझी किंवा दारुल कजाचा निर्णय कोणावर कायद्याने बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे.

हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम स्त्रिया १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, त्यांची मागणीही तोंडी तलाक बंद व्हावा हीच होती. आज कायदा बराच पुढे आला आहे. तरीही नवऱ्याने कागद पाठवला की बाई माहेरी निघून जाते आणि स्वतःला तलाकशुदा समजू लागते. तिला थांबवून सांगायचे आहे ते एवढेच: तलाक झाला हे त्याला सिद्ध करू दे, तोपर्यंत तू त्याची पत्नी आहेस.