इथून तिथे : बाबांचा एसी

मस्कतमध्ये अठरा वर्षं एसीत जगूनही मी आजवर एकही एसी विकत घेतला नव्हता. इथल्या फ्लॅटमध्ये तो घरमालकाने आधीच लावलेला असतो, आपण फक्त फिल्टर धुवायचा. म्हणून गेल्या मार्चमध्ये नागपूरच्या घरासाठी एसी घ्यायची वेळ आली तेव्हा मी अगदी नवखा होतो.

कारण घडलं ते कूलरमुळे. गॅलरीतल्या कूलरमध्ये बादलीने पाणी भरताना बाबा घसरले. हाड मोडलं नाही, पण वय ७७. फोनवर म्हणाले, "पाईप लावून घेतो नं, एसी काहून पायजे?" बाबांचं अर्धं बरोबरच होतं. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात नागपूरचा कूलर उत्तम काम करतो. पण जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की तोच कूलर खोलीत नुसती चिकचिक करतो, आणि रात्र सरत नाही. आईने फोन हातात घेतला आणि विषय मिटवला.

पहिला प्रश्न टनाचा. दुकानदाराने खोलीचं माप विचारलं, बारा बाय अकरा, आणि "एक टन पुरे" म्हणून मोकळा झाला. १२०-१३० चौरस फुटांना एक टन हा ढोबळ हिशेब चुकीचा नाही. पण तो मधल्या मजल्यावरच्या, सावलीतल्या खोलीचा. आमची खोली सगळ्यात वरची, डोक्यावर उघडा स्लॅब, खिडकी पश्चिमेला. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री एक वाजेपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो.

शिवाय एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. आखातातल्या यंत्रांची चाचणी ४६ अंशांवरही होते, कारण इथे तसाच उन्हाळा असतो. नागपूरचा मेही पंचेचाळीसला टेकतो, आणि बाहेर जेवढं जास्त तापतं तेवढी यंत्राची ताकद कमी होते. म्हणून दीड टन ठरवला. दोन टन घेऊन टाकावा हा मोह मात्र टाळला. फार मोठं यंत्र खोली पटकन गार करून थांबतं, आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. जूनमध्ये आम्हाला नेमका तोच काढायचा होता.

एक गोष्ट मला लेबल वाचताना कळली. एक टन म्हणजे सुमारे ३,५०० वॅट गारवा, म्हणजे दीड टन सुमारे ५,२५० असायला हवा. प्रत्यक्षात 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या एका यंत्राच्या लेबलवर ४,७५० होते, दुसऱ्यावर ५,१००. खोक्यावरच्या टनापेक्षा लेबलवर शंभर टक्के क्षमतेसमोर लिहिलेला वॅटचा आकडा पाहा.

मग इन्व्हर्टर. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालतो, बंद होतो, पुन्हा पूर्ण जोरात सुरू होतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर खोली गार झाल्यावर वेग कमी करून चालत राहतो, आणि बचत होते ती त्या मंद चालण्यात. दुपारी तासभर लावून बंद केलात तर तो तासभर धावतच असतो, बचत थोडीच. रात्रभर चालवलात तर खरी. आमचं रात्रीचं काम, तेव्हा इन्व्हर्टर हवाच होता. वाद होता तीन तारे की पाच तारे यावर.

लेबलवर वर्षाला किती युनिटं लागतील ते दिलेलं असतं, पण तो आकडा १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आमच्या समोरच्या दोन यंत्रांवर ९६५ आणि ७४५ युनिटं होती, म्हणजे फरक २२०. आई-बाबांचा वापर किती? एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ७५ रात्री, रोज ८ तास, म्हणजे ६०० तास. त्या प्रमाणात फरक उरला साधारण ८३ युनिटं. महिन्याची युनिटं वाढली की दर चढतो आणि एसीची युनिटं वरच्या टप्प्यात पडतात, म्हणून मी युनिटला १५ रुपये धरले. वर्षाची बचत सुमारे १,२५० रुपये. पाच ताऱ्यांचं यंत्र ९,००० रुपयांनी महाग होतं. ते फिटायला सात वर्षं. आम्ही तीन तारे घेतले. माझा धाकटा भाऊ तिथेच घरून काम करतो, त्याचा एसी वर्षाला १,६०० तास सहज चालतो. त्याने पाच तारेवाला घेतला आणि त्याचे पैसे तीन वर्षांच्या आत निघतील. दोघंही बरोबर.

इथवर मी फार खुशीत होतो. मग बसवणारा माणूस आला, आणि मी व्हिडिओ कॉलवर होतो म्हणून बरं.

३८,००० च्या यंत्राबरोबर खोक्यात तीन मीटर तांब्याचा पाईप येतो. बसवणी १,५०० रुपये आधीच ठरलेली. पण तो म्हणाला, बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवू, पाईप पाच मीटर जास्त लागेल, मीटरला ९०० रुपये. लोखंडी स्टँड ९००. पाणी जाण्याचा पाईप ३००. एकूण ७,२००. मी आईला फोन गॅलरीत न्यायला सांगितला. आतल्या युनिटच्या मागचीच भिंत गॅलरीची होती, आणि युनिटसमोर गरम हवा जायला मोकळी जागा होती. तिथे स्टँड लावल्यावर जादा पाईप लागला दीड मीटर. ४,५०० चे १,३५० झाले. पैशाइतकंच महत्त्वाचं म्हणजे लांब पाईपमध्ये गारवा वाया जातो, आणि गच्चीवर युनिटला दिवसभर ऊन लागलं असतं.

दुसरं म्हणजे व्हॅक्यूम पंप. पाईप जोडल्यावर आतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची असते, पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई असली की काही जण थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात. आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसर खाते, आणि हल्लीचा आर-३२ गॅस जळणारा आहे. त्याच्या पिशवीत पंप नव्हता. "पंप आणा, आम्ही थांबतो," आई म्हणाली. तो संध्याकाळी पंप घेऊन परत आला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हेही तिने दाखवून घेतलं.

वायरिंग मात्र कुठल्याच ऑफरमध्ये नसतं. इमारत १९९४ ची, बेडरूममध्ये फक्त पाच अँपिअरचा प्लग. त्यावर एसी चालेल असं सांगणारे भेटतात. चालतोही, पण वायर तापते; अर्ध्या तासाने प्लगला हात लावला तर कोमट लागतो, पुढे वास येतो. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मीटरच्या बोर्डापासून चार एमएमची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी आणि अर्थिंगसह सोळा अँपिअरचा पॉइंट करून दिला. ४,८०० रुपये. बसवणी, पाईप, स्टँड सगळं धरून वरखर्च ८,८५० झाला. यंत्राच्या किमतीच्या पाव भागाला थोडा कमी, आणि दुकानात तो कुणी बोलून दाखवत नाही.

बाबांनी पहिल्या रात्रीपासून मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर लिहिलं. सत्तावीस अंश आणि वर पंखा, असा त्यांचा नियम. जूनच्या मध्याला त्यांनी ३९० युनिटं सांगितली, लेबलच्या हिशेबाने निघणाऱ्या ३६२ पेक्षा थोडी जास्त. मग त्यातून गेल्या वर्षी कूलरला लागलेली १५० वजा करून म्हणाले, "म्हणजे जादा २४०. ठीक आहे."

कूलर अजून गॅलरीत आहे, एसीच्या युनिटपासून दोन हात दूर. दुपारी तोच चालतो. पाणी आता पाईपने भरतात.