काम मिळण्याआधीच पैसे? आधी निविदा क्रमांक शोधा

‘सरकारी कंत्राटासाठी तुमच्या फर्मची निवड झाली आहे, नोंदणीचे 11,800 रुपये आजच भरा,’ असा ई-मेल समजा तुम्हाला आला. 10,000 रुपये शुल्क आणि 18 टक्के जीएसटी. हिशेब चोख दिसतो. पण ‘जेम’ पोर्टलवर विक्रेता नोंदणी मोफत आहे, ‘उद्यम’ नोंदणीही. निविदा भरताना बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी लागते, म्हणूनच अनेक जण फसतात. मात्र ती ठरावीक निविदेसाठी असते, निविदा सूचनेत नमूद असते आणि काम न मिळाल्यास परत मिळते. त्यामुळे मेलमधली लिंक न उघडता निविदा क्रमांक gem.gov.in किंवा mahatenders.gov.in वर स्वतः शोधा. क्रमांकच नसेल, तर पैसे भरू नका. भरले असतील, तर लगेच 1930 वर कळवा.