आरशात भडक, मंचावर नेमका!

शाळेचे स्नेहसंमेलन असो वा भरतनाट्यमचे अरंगेत्रम, मेकअपच्या खोलीत एक वाक्य हमखास कानावर पडते : ‘अहो, किती भडक केलंय पोरीला! जरा कमी करा ना.’ रंगभूषाकार नाइलाजाने डोळ्यांची रेघ बारीक करतो, भुवया पुसट करतो. पडदा उघडतो, समोरचे दिवे लागतात आणि दहाव्या रांगेतल्या आईलाच मुलीचे डोळे नीट दिसत नाहीत. चूक रंगभूषाकाराची नसते, हातभर अंतरावरून निकाल देण्याची असते.

रेघ जाड का हवी?

आपण चेहरा ओळखतो तो सावल्यांमुळे. डोळ्यांची खोबण, नाकाची कड, गालाचा उंचवटा हे सारे सावलीमुळेच उठून दिसते. मंचावरचा प्रखर प्रकाश मुख्यतः समोरून येतो आणि या सावल्या भरून टाकतो. चेहरा सपाट दिसू लागतो. प्रकाशाने पुसलेले रंगाने परत आणणे हेच रंगभूषेचे काम.

त्यात अंतराची भर. निरोगी डोळ्याला १५ मीटरवरून साधारण ४ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे लग्नात शोभणारी एक मिलिमीटरची आयलायनरची रेघ तिथून आसपासच्या त्वचेत मिसळते आणि फिकट करडी भासते. म्हणूनच नर्तिकेची वरची रेघ जाड असते, ती डोळ्याच्या बाहेर लांबवलेली असते. खालची रेघ पापण्यांच्या किंचित खाली काढतात आणि बाहेरच्या कोपऱ्यात ती वरच्या रेघेला न जोडता थोडी फट सोडतात. त्या फटीमुळे डोळा मोठा भासतो. दोन्ही रेघा घट्ट जोडल्या, तर तोच डोळा दुरून काळा ठिपका दिसतो. ज्या नृत्यात अर्धा अभिनय नजरेतून होतो, तिथे हा फरक लहान नाही.

ठळक म्हणजे गोरे नव्हे

खरी गल्लत इथे होते. डोळे-भुवया हलक्या करायला सांगणारे पालक ‘बेस मात्र उजळ लावा’ म्हणतात. सावळ्या मुलीला दोन-तीन छटा उजळ पॅनकेक लावला जातो. फिकट रंग जास्त प्रकाश परत फेकतो. त्यामुळे चेहरा आणखी सपाट, करडा दिसतो आणि मान व हात वेगळ्याच रंगाचे राहतात. बेस मानेच्या रंगाशी जुळणारा किंवा अगदी किंचित गडद, उबदार छटेचा हवा. ठळकपणा रेघांत, गालाच्या आणि नाकाच्या छायेत आणावा. मुलीचा रंग बदलण्याची गरज प्रकाशाला नसते, ती आपल्या मनात असते.

पावडर चोळू नका, दाबा

दिव्यांची उष्णता, जड पोशाख आणि नाच यांनी घाम येणारच. क्रीमचा बेस तसाच सोडला, तर कपाळ आणि नाक चमकू लागते, काजळ गालावर उतरते. त्यासाठी क्रीमचे सगळे रंग लावून झाल्यावर पफने पावडर दाबून बसवायची. ती चोळली की खालचा रंग सरकतो आणि पट्टे उमटतात. काही मिनिटे थांबून जादा पावडर मऊ ब्रशने झटकायची. रंग पावडरखाली थोडा मंद होतो, म्हणून आधीच तो वाजवीपेक्षा एक पायरी गडद घ्यायचा. मध्यंतरात घाम आधी टिश्यूने टिपायचा, मगच पुन्हा पावडर. ओल्या घामावर पावडर टाकली की ढेकळे होतात.

भाषण करणाऱ्याला एवढी जाड रेघ नको. त्याला चमक घालवणारी पावडर (टक्कल असल्यास तिथेही), भुवयांना थोडा आकार आणि ओठांना स्वतःच्या रंगाहून जरा गडद छटा पुरते.

मर्यादाही आहेत

मोठा पडदा लावून क्लोज-अप दाखवला जाणार असेल, तर कडा जरा विरवाव्या लागतात. लाल प्रकाशात लाल ओठ फिके पडतात, हिरव्या-निळ्यात काळपट दिसतात. त्यामुळे प्रकाशयोजना आधी विचारायला हवी. काही अतिबारीक पांढऱ्या पावडरी फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरे डाग दाखवतात.

या सगळ्याची परीक्षा सोपी आहे. रंगीत तालमीत मंचावरचे दिवे लावून मुलीला उभे करावे, दहाव्या रांगेत बसावे आणि तिने डावीकडे पाहिले की उजवीकडे, हे ओळखावे. ओळखता आले तर मेकअप बरोबर आहे, आरशात तो कितीही भडक वाटो. ओळखता आले नाही, तर ‘कमी करा’ म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही.