रात्रपाळीची यादी

सायंकाळी आठच्या सुमारास आमच्यासारख्या लहान रुग्णालयात दोन डॉक्टर टेबलाशी बसून दहा-पंधरा मिनिटे हलक्या आवाजात बोलत असतात. नातेवाइकांना वाटते, गप्पा चालल्या आहेत. वास्तविक त्या वेळी दिवसाचा डॉक्टर रात्रीच्या डॉक्टरकडे आपले रुग्ण सोपवत असतो आणि दोघांच्या मध्ये एक कागद असतो. आपल्या घरातील वडीलधारे माणूस ज्या रात्री दवाखान्यात असेल, त्या रात्री या कागदावर काय लिहिले आहे याला फार मोल असते. म्हणून आज एकच ओळ उलगडून दाखवतो. रुग्णाची ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत.

मावळातील एक शहात्तर वर्षांचे शेतकरी आजोबा, वजन ५८ किलो. हृदयाचे स्नायू पूर्वीपासून कमजोर. त्यासाठी रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन या दोन गोळ्या नियमित चालू. ऐन पावसाळ्यातील शनिवार. दोन दिवस जुलाब-उलट्या होऊन ते दुपारी चारला दाखल झाले. रक्तदाब ९६/६०, जीभ कोरडी, लघवी अत्यल्प. क्रिएटिनिन आणि पोटॅशियमसाठी रक्त साडेसहाला प्रयोगशाळेकडे रवाना झाले. अहवाल रात्री दहापर्यंत अपेक्षित होता, म्हणजे मी घरी गेल्यानंतर.

या आजोबांचे नाव यादीत सर्वांत वर होते. क्रम खाटांच्या आकड्यांनुसार नसतो, ज्याची काळजी अधिक तो आधी. बारा खाटांपैकी नऊ रुग्णांबद्दल बोलायला मिळून चार मिनिटे पुरली, आजोबांना मात्र पाच मिनिटे लागली. नावापुढे प्रथम शब्द होता ‘गंभीर’. त्यानंतर दोन वाक्यांत हकिगत, मग रात्री करावयाची कामे वेळेसह आणि शेवटी ‘असे झाले तर असे करा’.

कामांतील पहिले काम अहवालाचे. केवळ ‘पोटॅशियम यायचे आहे’ एवढे लिहून भागत नाही. अहवाल ज्याने नमुना पाठवला त्याच्या फोनवर येतो, आणि तो डॉक्टर त्या वेळी जेवत किंवा झोपलेला असू शकतो. म्हणून यादीत लिहिले होते: ‘अहवाल रात्रीच्या डॉक्टरांच्या व परिचारिका कक्षाच्या फोनवर, सव्वादहापर्यंत न आल्यास प्रयोगशाळेला स्वतः फोन करणे.’ प्रलंबित अहवालाला मालक नसेल तर तो सकाळपर्यंत कोणीच पाहत नाही.

पोटॅशियमची एवढी धास्ती का? हा क्षार हृदयाच्या ठोक्यांशी थेट निगडित आहे. साधारण ३.५ ते ५ ही त्याची सुरक्षित पातळी. आजोबांच्या दोन्ही गोळ्या शरीरात पोटॅशियम राखून ठेवणाऱ्या, आणि जुलाबांनी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटल्यामुळे ते बाहेर पडण्याचा मार्गही आखडलेला. अशा वेळी पातळी काही तासांत धोक्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकते, आणि रुग्ण मात्र फक्त ‘थोडा थकलेला’ दिसतो.

म्हणून शेवटचा भाग असा होता: ‘पोटॅशियम ६ च्या वर आल्यास ताबडतोब ईसीजी. त्यात बदल दिसल्यास शिरेतून कॅल्शियम, मग इन्सुलिन व ग्लुकोज. त्यानंतर सहा तास दर तासाला साखर. सलाईन २५० मिलीच्या हप्त्याने, प्रत्येक हप्त्यानंतर छाती तपासून. आठ ते दोन या वेळेत लघवी १८० मिलीपेक्षा कमी झाल्यास डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात हलवणे.’ वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिली, या हिशेबाने सहा तासांचे साधारण एवढेच होते.

रात्रीच्या तरुण डॉक्टर मॅडमनी कागद घेऊन सारे स्वतःच्या शब्दांत परत सांगितले. मध्येच थांबून त्यांनी विचारले, “सर, दोन वाजता हलवायचे ठरले तर गाडी मिळून तळेगाव गाठायला किती वेळ धरू?” प्रश्न अगदी योग्य होता. पावसाळ्यातील शनिवारी रात्री लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते, धुके असते. नेहमीचा हिशेब चालत नाही. म्हणून आम्ही तिथेच बदल केला: लघवीचा पहिला अंदाज बारालाच घ्यायचा, ती ९० मिलीहून कमी असेल तर रुग्णवाहिकेला आणि पुढच्या रुग्णालयाला तेव्हाच कळवून ठेवायचे. मागे सांगण्याच्या या पद्धतीचा मला म्हणूनच आग्रह असतो. अमेरिका व कॅनडातील नऊ बालरुग्ण विभागांत अशी ठरावीक हस्तांतरण पद्धत शिकवून तिचे परिणाम मोजले गेले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी घटलेले आढळले.

दहा वाजून दहा मिनिटांनी अहवाल आला: ६.३. कधीकधी नमुन्याची नळी हिंदकळून रक्तपेशी फुटतात आणि आकडा खोटाच वाढलेला दिसतो. पण ईसीजीत उंच, टोकदार लहरी होत्या, त्यामुळे नवा नमुना घेतला तरी त्याच्या निकालासाठी थांबण्याचे कारण नव्हते. कॅल्शियम दिले गेले. त्याने पोटॅशियम कमी होत नाही, हृदयाला तासाभरापुरते कवच मिळते. इन्सुलिन पोटॅशियमला पेशींच्या आत ढकलते, तेही काही तासांपुरतेच. शरीराबाहेर ते जायचे तर लघवी किंवा डायलिसिस, म्हणून खरे लक्ष लघवीच्या पिशवीवर होते. बाराला ११० मिली, दोनला २६० मिली. हलवावे लागले नाही. मध्यंतरी एक वाजता साखर ६४ पर्यंत उतरली होती. दर तासाला तपासण्याचे लिहिलेले असल्याने ती लगेच सापडली व ग्लुकोज देता आले. पहाटे पोटॅशियम ५.४ होते.

यादीत आणखी एक ओळ होती, आणि ती खास नातेवाइकांसाठी: ‘घरच्या गोळ्यांचा डबा परिचारिकेकडे ठेवणे, शहाळे, फळांचा रस नको.’ आजोबांच्या चिरंजीवांनी प्रेमाने दोन शहाळी आणली होती, आणि रात्री नऊची गोळी उशाशी काढून ठेवली होती. शहाळ्याच्या पाण्यात भरपूर पोटॅशियम असते. जुलाबात एरवी ते उत्तमच. या आजोबांना मात्र त्या रात्री ते घातक ठरले असते. हे त्यांना आठ वाजता, दोघा डॉक्टरांसमक्ष समजावले. “डॉक्टरसाहेब, मग तहान लागली तर काय देऊ?” त्यांनी विचारले. साध्या पाण्याचे दोन-दोन घोट, असे ठरले.

या यादीच्या मर्यादाही आहेत. कालचाच कागद पुढे ओढला की ‘स्थिर’ हा शब्द रुग्ण बिघडल्यावरही तसाच राहतो. आठनंतर दाखल झालेला रुग्ण तिच्यात नसतोच. तुम्हाला ती यादी कोणी दाखवणार नाही, पण रात्रीच्या डॉक्टरांना विचारता येते: कोणता अहवाल यायचा आहे, तो कोणाच्या फोनवर येणार, आणि मी कशावर लक्ष ठेवू? उत्तर ‘सगळे ठीक आहे, झोपा’ एवढेच मिळाले तर दिवसाच्या डॉक्टरांचे नाव घेऊन, त्यांनी काय सांगून ठेवले आहे ते पुन्हा विचारा. सोबत चालू गोळ्यांची चिठ्ठी, औषधाची ॲलर्जी आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन क्रमांक लिहून द्या. सातच्या आत दिलेत तर ते त्याच कागदावर चढते.