थोरल्याची झोप

डोंबिवलीच्या एका भगिनींचे पत्र समोर आहे. चार पाने दोन्ही बाजूंनी लिहिलेली, आणि शेवटी तारखेखाली एवढेच, 'रात्रीचे अडीच'. थोरला मुलगा अडीच वर्षांचा, धाकटी सात आठवड्यांची. बाळंतपण साताऱ्याला माहेरी झाले. सव्वा महिना झाल्यावर बाई घरी आल्या आणि त्या रात्रीपासून थोरल्याची झोप उडाली.

घर म्हणजे एक दिवाणखाना, एक आतली खोली. आत पाळणा आला म्हणून थोरल्यासाठी बाहेर नवी कॉट घेतली. तो तिथे झोपेना, तेव्हा आत आईचा पदर धरून झोपवायचे आणि डोळा लागला की वडिलांनी उचलून बाहेर ठेवायचे, असा क्रम सुरू झाला. दोनच्या सुमारास तो उठतो, आत येतो, आईच्या मांडीवर बहिणीला पाहतो आणि घर डोक्यावर घेतो. सोडलेली दुधाची बाटली पुन्हा मागतो. तीन महिने कोरडे राहिलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले आहे. परवा बाळाच्या पायाला चिमटाही काढला. सासूबाई म्हणतात, "सर्दीचं औषध चमचाभर दे, झोपेल बिचारा."

या शेवटच्या सल्ल्याचा निकाल आधी लावते. सर्दीच्या औषधाने मूल झोपते ते गुंगीने. काही मुले त्याने उलट अधिकच बिथरतात, आणि मात्रा चुकली तर श्वासावर बेतू शकते. झोपेसाठी ते औषध कधीही देऊ नये.

बाईंची समजूत अशी, की बाळाच्या रडण्याने थोरला उठतो. बहुतेक घरांत तसे नसते. लहान मूल रात्रीच्या पहिल्या तीन तासांत इतके गाढ झोपते, की शेजारी बाळ रडले तरी कूसही बदलत नाही. मध्यरात्रीनंतर झोप हलकी होते आणि प्रत्येक मूल अधूनमधून क्षणभर जागे होते. झोपताना जे भोवती होते ते जागच्या जागी असले, तर ते तसेच पुन्हा झोपते. आपण आपल्या खोलीत झोपलो आणि जाग आली ती गॅलरीत, तर आपणही दचकून उठूच की! या मुलाचे रोज तेच होत होते. झोपला आईजवळ, जागा झाला एकटा, आणि शोधायला गेला तर आपल्या जागी दुसरेच कोणी. त्याचा राग बाळावर म्हणण्यापेक्षा त्या गेलेल्या जागेवर आहे.

म्हणून मी त्यांना पहिली गोष्ट लिहिली ती अशी, की नवी कॉट तूर्त विसरा. मुलाची जागा बदलायची तर बाळ येण्यापूर्वी दीड-दोन महिने बदलावी, नाहीतर आल्यावर दोन-तीन महिने थांबावे. "तू आता मोठा झालास" हे आपल्याला कौतुक वाटते, त्याला तो हुकूम वाटतो. आतल्या खोलीत भिंतीकडे थोरल्याची गादी जमिनीवर, तिच्याशेजारी वडील, मग आई, आणि आईच्या पलीकडे बाळ. बाळ मात्र स्वतःच्या स्वतंत्र, सपाट, घट्ट बिछान्यावर, पाठीवर, उशी आणि जाड दुपटी न ठेवता. थोरल्याला बाळाशेजारी झोपवू नये. झोपेत त्याचा हात किंवा पांघरूण बाळाच्या तोंडावर येऊ शकते. दोघांना खोलीत एकटे सोडू नये, अगदी दूध उतू जात असले तरी. अडीच वर्षांचे मूल प्रेमानेही पाळणा उलथवते.

दुसरी गोष्ट वेळेची. हा मुलगा अकराला झोपून साडेसातला उठत होता. साताऱ्याला आजीच्या कुशीत होणारी दुपारची झोप इकडे बंद पडली होती. म्हणजे एकूण साडेआठ तास. या वयाला दिवसरात्र मिळून अकरा ते चौदा तास लागतात. दमलेले मूल पेंगत नाही, ते उधळते. म्हणून "याला झोपच नको असते" असे घरच्यांना वाटते. त्यांचे वडील साडेआठला लोकलने घरी येत, आणि मग बापलेकांची कुस्ती. ती मी सकाळवर ढकलायला सांगितली. (वडिलांना हे फारसे रुचले नसावे.) दुपारी जेवणानंतर तास-सव्वातास झोप, साडेतीनच्या आत उठवायचे. रात्रीची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणायची.

आता खरी कळीची वीस मिनिटे. संध्याकाळी बाळाला पाजून सासूबाईंकडे द्यायचे आणि थोरल्याचे हातपाय धुणे, गोष्ट, गाणे आईनेच करायचे. त्या वीस मिनिटांत बाळ रडले तरी आजीने पाहायचे. मग दिवा मालवून वडिलांनी शेजारी बसायचे, आणि मूल झोपेल तिथेच सकाळपर्यंत राहायचे, उचलाउचल नाही. रात्री उठला तर वडिलांनी पाठीवर हात ठेवून रोज तेच एक वाक्य म्हणायचे, "आई इथेच आहे, झोप आता." आईने अंथरुणातूनच हुंकार द्यावा. पाजण्यासाठी मोठा दिवा लावू नये, मंद दिवा बाळाच्या बाजूला खाली ठेवावा.

अंथरूण ओले करण्यावर बोलणेच नको. चादरीखाली मेणकापड घालावे, हवे तर रात्री लंगोट, आणि शू शिकवणे महिना-दीड महिना बाजूला. बाटली मागितली तर द्यावी, पण रात्री तिच्यात फक्त पाणी, कारण रात्रभर तोंडात राहिलेल्या दुधाने दात किडतात. आणखी एक. "गप्प, बाळ उठेल" हे वाक्य घरातून काढावे. दिवसातून वीसदा प्रत्येक 'नको'ला बाळाचे नाव जोडले, तर चिमटा निघणारच. "मला हळू बोललेलं आवडतं" म्हटले तरी काम होते.

पाच आठवड्यांनी त्यांचे दुसरे पत्र आले. पहिल्या तीन रात्री बऱ्या गेल्या, चौथी सर्वांत वाईट. पन्नास मिनिटे रडला, आणि वडील म्हणाले, "हे काही जमणार नाही." असे बहुधा होतेच. जुना उपाय चालेना की मूल तो एकदा पूर्ण जोराने करून पाहते, आणि त्या रात्री आईने उठून जवळ घेतले की मागचे तीन दिवस फुकट जातात. त्या उठल्या नाहीत. दहाव्या दिवसापासून तो एकदाच उठू लागला. आता नऊ ते सात झोपतो, दुपारी तासभर. बहिणीच्या रडण्याने, त्या लिहितात, आजवर एकदाही उठलेला नाही.

अंथरूण आठवड्यातून दोनदा ओले होते, त्याची मला काळजी नाही. मात्र लघवीला जळजळ, सतत तहान, वजन उतरणे, झोपेत मोठे घोरणे व मध्येच श्वास अडणे, यांपैकी काही असेल तर मत्सर मत्सर म्हणत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. तीन महिने उलटूनही रात्री तशाच असतील तरीही.

नवी कॉट दिवाणखान्यात उभी आहे. तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात, आणि दुपारी कधीकधी तो स्वतःच चढून झोपतो.