ढीग नासतो तो सुक्या पाल्याअभावी

खतप्रकल्प म्हटला की दुर्गंधी आलीच, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात नीट चालणाऱ्या ढिगाला पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो. कुजक्या अंड्यांचा वास आला, तर आत काहीतरी बिघडले आहे असे समजावे. द्रोणागिरीत राहणारी, पर्यावरणशास्त्र शिकणारी मी जूनअखेर पनवेल परिसरातील एका खतप्रकल्पात अभ्यासासाठी गेले, तेव्हा हे दोन्ही वास एकाच आवारात मिळाले.

शेडच्या एका टोकाला मे महिन्यात रचलेला ढीग होता. लांब दांड्याचा तापमापक खुपसला, तर आत 62 अंश सेल्सिअस. ही उष्णता जिवाणूंची. हवा आणि ओलावा बेताचा मिळाला की ते कचरा खातात आणि ढीग तापतो. आतले तापमान 55 अंशांवर काही दिवस टिकले आणि ढीग वारंवार उलथून सगळा कचरा त्या उष्णतेतून गेला, तर रोगजंतू, जंतांची अंडी आणि तणांचे बी बरेचसे मरते. आरोग्याच्या दृष्टीने खतप्रकल्पाचे खरे काम हेच. दुसऱ्या टोकाचा ढीग पाऊस सुरू झाल्यावर रचलेला. त्यात 38 अंश. बुडाशी काळे पाणी साचलेले, वर माश्या घोंघावत होत्या.

कचरा त्याच बाजारांतला आणि त्याच घरांतला असताना हा फरक कशाने पडला? तिथल्या मुकादमांनी दुसऱ्या ढिगातला मूठभर कचरा उचलून दाबला, तर बोटांतून धारच लागली. योग्य ढिगातल्या मुठीतून एखाददुसराच थेंब पडतो. पाणी जास्त झाले की कणांमधली हवेची जागा भरून जाते. मग हवेवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि घाण वास त्यांचाच. यंत्राने ढीग उलथला तर तासाभरापुरती हवा मिळते, पण पाणी काही जात नाही. मेमधल्या ढिगात वाळलेला पाला मिसळला होता. जूनमध्ये पालाच शिल्लक नव्हता.

किती पाला लागतो, याचा ढोबळ हिशेब मी करून पाहिला. भाजीची देठे, शिळे अन्न, मासळीची घाण यांत साधारण 75 टक्के पाणी असते. वाळक्या पाल्यात 15 टक्के. ढिगात 60 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. म्हणजे 100 किलो ओल्या कचऱ्याला 33 किलो पाला. याच मिश्रणात कार्बन आणि नत्र यांचे प्रमाणही जवळपास 28 ला 1 येते आणि जिवाणूंना 25 ते 30 ला 1 हेच मानवते. नुसत्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात ते 18 ला 1 च्या आसपास असते. जास्तीचे नत्र अमोनिया होऊन उडून जाते. करंजा-मोऱ्याची मासळी आपल्या घरोघरी येते, म्हणून हा मुद्दा इथे अधिकच लागू.

आता गंमत अशी, की हा पाला आपल्याकडे होळीच्या आगेमागे ढिगांनी पडतो आणि रस्त्याकडेला पेटवून दिला जातो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, तरीही. त्याचा धूर आपल्याच छातीत जातो आणि तीन महिन्यांनी खताला पाला मिळत नाही.

म्हणून माझी सूचना: फेब्रुवारीपासून पाला गोळा करून कोरड्या जागी साठवावा. अर्थात, याला मर्यादा आहे. रोज एक टन ओला कचरा घेणाऱ्या प्रकल्पाला पावसाळ्याच्या चार महिन्यांत 40 टन पाला लागेल. एवढा कुठून आणायचा आणि ठेवायचा कुठे? अशा ठिकाणी लाकडाचा भुसा वापरावा, आणि खत चाळताना चाळणीवर उरणारे जाडे तुकडे प्लास्टिक वेचून पुन्हा नव्या ढिगात घालावेत. मी गेले त्या दिवशी ते टाकाऊ म्हणून बाहेर चालले होते. ढिगांवर पाऊस येणार नाही इतकी शेडची छपराची कड पुढे काढली आणि काळ्या पाण्याला नाली दिली, तरी निम्मी कटकट कमी होईल.

पाला साठवणे जमेल ते गृहसंकुलांना. रोज 50 किलो ओला कचरा निघणाऱ्या सोसायटीला चार महिन्यांसाठी दोन टन पाला पुरतो. गोणीत दहा किलो दाबून भरला, तर दोनशे गोण्या. पार्किंगचा एक कोपरा त्यात जातो, हे मान्य. पाला आधी चुरला तर त्याहूनही कमी जागा लागते. गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचाव्यात, नाहीतर पहिल्या पावसातच खालच्या थराला ओल चढते. ढीग बिघडतोय का, हे ओळखायला सोसायटीच्या माळ्याने आठवड्यातून दोनदा मूठ दाबून पाहावी आणि तापमान वहीत लिहावे. ते 45 च्या खाली आले आणि मुठीतून पाणी ठिबकू लागले, तर त्याच दिवशी दोन गोण्या पाला घालून ढीग उलथावा. तापमान खाली येऊनही मूठ कोरडीच असेल, तर मात्र पाणी शिंपडावे. तिथे पाला वाढवला तर ढीग आणखी थंड पडेल.